चार चंद्र आणि एक ड्रॉइंग पिन

*मी एका छोट्या गावातल्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. चंद्रकलांवर व्हाइटबोर्डवर हात चित्र काढतोय अशा पद्धतीची चित्रफीत करावी म्हणून चार संध्याकाळी घालवल्या. मोफत म्हणून घेतलेल्या एका प्रोग्रॅमने शेवटी पडद्याच्या मधोमध आपल्या नावाचा शिक्का मारला. दुसऱ्यात मराठी अक्षरं फुटली, ‘स्थिती’ वाचताच येईना. माझं चित्र बेताचं आहे, लॅपटॉप जुना आहे, 4 जीबीचा. शेजारच्या शाळेतल्या सरांच्या चित्रफिती अगदी टीव्हीवरच्यासारख्या असतात. वर्षाची वर्गणी भरून चांगलं सॉफ्टवेअर घ्यावं, की हा नाद सोडावा?*
*– एक विज्ञान शिक्षिका*

ताई,

वर्गणी भरू नका. नादही सोडू नका. पण आधी एक विचारते: त्या चार संध्याकाळींपैकी किती वेळ चंद्राचा विचार करण्यात गेला आणि किती वेळ हाताचा?

ते प्रोग्रॅम एक नकली हात देतात. तुम्ही तयार चित्र घालायचं आणि हात ते काढल्यासारखं दाखवणार. हाताला चित्रातलं काहीच कळत नसतं. चित्राच्या फाइलीत रेषा ज्या क्रमाने साठवल्या असतील त्या क्रमाने तो फिरतो. त्यातून चित्र इंटरनेटवरून घेऊन आपोआप ‘ट्रेस’ केलेलं असलं तर रेषेच्या जागी रेषेच्या दोन्ही कडा साठवल्या जातात. मग एका साध्या वर्तुळासाठी हात आधी बाहेरून फिरतो, मग आतून, आणि मधेच कुठेतरी सूर्याचा एखादा किरण काढून येतो. बघायला गंमत वाटते. पण तुम्ही ‘पृथ्वी’ म्हणता तेव्हा तो चंद्राची कड गिरवत असतो, आणि मूल हात बघतं, तुम्हाला ऐकत नाही.

व्हाइटबोर्डच्या चित्रफितीत कामाची गोष्ट एवढीच, की जे बोललं जातंय तेच त्या क्षणी काढलं जातंय. फिओरेला आणि मेयर या संशोधकांनी 2016 साली डॉप्लर परिणामाच्या धड्यावर प्रयोग केले होते. तयार आकृती समोर ठेवून समजावलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा, शिक्षक बोलता बोलता आकृती काढताना ज्यांनी पाहिलं त्यांना धडा जास्त समजला, आणि विषयाची आधीची माहिती ज्यांना कमी होती त्यांना हा फायदा विशेष झाला. तुम्ही फळ्यासमोर रोज तेच करता. तेव्हा नकली हात विकत घ्यायची गरज नाही, खरा हात आहे. त्याला फक्त वरून फोनने टिपायचं आहे.

‘माझं चित्र बेताचं आहे’ याचं काय, ते आधी सांगते, कारण अनेक पत्रांत हेच येतं. चंद्रकलांसाठी लागतात वर्तुळं, बाण आणि अर्धं वर्तुळ काळं करणं. वर्तुळ बांगडीभोवती, बाटलीच्या झाकणाभोवती फिरवून येतं. याहून अवघड काही असेल, समजा हृदयाचे कप्पे, तर आदल्या दिवशी कागदावर पेन्सिलीने अगदी फिकट काढून ठेवा. कॅमेऱ्याचा उजेड थोडा वाढवला की ती पेन्सिल पडद्यावर दिसत नाही, तुम्हाला मात्र दिसते. मग चित्रफितीत मार्करने फक्त गिरवायचं. बघणाऱ्याला वाटतं, बाईंचा हात किती सफाईदार! टीव्हीसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच चित्रफितींमागे अशीच काहीतरी लबाडी असते. शेजारच्या सरांचं मला माहीत नाही, उगाच आळ नको.

आता चंद्राकडे येऊ. मुलांना चंद्रकलांमध्ये नेमकं काय अडतं हे तुम्ही वर्गात पाहिलंच असेल. ‘अर्धा चंद्र दिसतो तेव्हा उरलेला कुठे जातो?’ विचारलं की बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येतं, ‘पृथ्वीची सावली पडते.’ म्हणजे तुमच्या चित्रफितीचं काम आठ कला, त्यांची नावं आणि तिथ्या सांगणं हे नाही. सावली हे उत्तर का चुकतं आणि खरं उत्तर काय, एवढंच तिचं काम. तीन मिनिटांत एवढंच नीट बसतं. म्हणून आठ चंद्र काढू नका, चार काढा: अमावास्या, शुक्ल अष्टमी, पौर्णिमा, कृष्ण अष्टमी.

माझ्या मते या विषयाची सगळी मेख एका गोष्टीत आहे. अवकाशातून पाहिलं तर चारही ठिकाणचा चंद्र अगदी सारखाच असतो, सूर्याकडची अर्धी बाजू उजळलेली आणि उरलेली अंधारात. बदलतं ते आपलं बघण्याचं ठिकाण. पुस्तकातल्या आकृतीत या दोन गोष्टी एकात एक मिसळलेल्या असतात. आतल्या वर्तुळावर अवकाशातून दिसणारे चंद्र, बाहेरच्या वर्तुळावर पृथ्वीवरून दिसणारे चंद्र, आणि मूल दोन्हींकडे पाहून गोंधळतं. तुमच्या चित्रफितीत मात्र आधी एक आणि मग दुसरं, असं काढता येतं. तयार छापलेल्या आकृतीला हे जमत नाही.

त्यासाठी एक युक्ती सुचवते, ती कुठल्या प्रोग्रॅममध्ये सहज मिळणार नाही. पांढऱ्या कार्डशीटची 17 सेंटिमीटर व्यासाची गोल चकती कापा. खाली जाड पुठ्ठ्यावर मोठा पांढरा कागद लावा आणि चकती तिच्या मध्यावर ड्रॉइंग पिनने त्यावर टोचा, फिरेल अशी. मध्ये पिनभोवती पृथ्वी, 3 सेंटिमीटरचं वर्तुळ. मध्यापासून साडेपाच सेंटिमीटरवर डावीकडे, खाली, उजवीकडे आणि वर असे दीड सेंटिमीटरचे चार चंद्र. चकतीच्या डाव्या काठाशी तीन छोटे बाण, सूर्यप्रकाशाचे. सूर्य काढू नका, तो चौकटीबाहेर आहे एवढं तोंडाने सांगा. पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाकडून पाहिलं तर चंद्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून डावीकडचा अमावास्येचा, खालचा शुक्ल अष्टमीचा, उजवीकडचा पौर्णिमेचा आणि वरचा कृष्ण अष्टमीचा. हा क्रम चुकवू नका. घाईत खालचा-वरचा उलटापालटा होतो आणि मग शुक्ल पक्षातला चंद्र डावीकडून उजळलेला निघतो.

आता शुक्ल अष्टमी दाखवायची. चकती अर्धा फेरा फिरवा, म्हणजे खालचा चंद्र पृथ्वीच्या वर येईल. पृथ्वीवर उभं राहून वर पाहिल्यासारखंच. त्याची उजळ बाजू आधी डावीकडे होती, फिरवल्यावर ती उजवीकडे आली. मुलांनी संध्याकाळी अंगणात पाहिलेला अर्धा चंद्र हाच, सूर्य मावळतो तेव्हा डोक्यावर असणारा, उजवी बाजू उजळलेला. पौर्णिमेसाठी चकती आधी मूळ जागी आणा आणि तिथून पाव फेरा घड्याळाच्या उलट फिरवा: चंद्र वर येईल आणि उजळ अर्ध खाली, म्हणजे नेमकं पृथ्वीकडे. हातात चकती फिरताना मूल पाहतं तेव्हा ‘आपण कुठून बघतोय’ हे शब्दांनी सांगावंच लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. चकतीवर नावं लिहू नका, फिरवल्यावर ती उलटी होतात. नावांच्या चिठ्ठ्या वेगळ्या कापा आणि चकती थांबली की बाजूच्या कागदावर ठेवा. अक्षरं फुटण्याचा तुमचा प्रश्नही इथेच सुटतो, ‘स्थिती’ तुम्ही हाताने लिहिणार आहात. नंतर कधी कॉम्प्युटरवर नावं घालायची वेळ आलीच, तर ती इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये टाइप करा आणि Path मेनूतल्या Object to Path ने त्यांची चित्रं करून टाका. मग पुढच्या प्रोग्रॅमला ती अक्षरं म्हणून वाचावी लागत नाहीत आणि फुटतही नाहीत.

सगळ्यात आधी संहिता लिहायची, आणि ती मोठ्याने वाचून पाहायची. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे शब्द, उजवीकडे त्या वेळी हात काय करतोय. मराठीत मुलांसाठी सावकाश वाचताना मिनिटाला साधारण 110 शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत सव्वातीनशे. पहिला तुकडा असा होईल:

‘सूर्य डावीकडे, चौकटीच्या बाहेर आहे. त्याचा प्रकाश असा येतो. मध्ये पृथ्वी. आणि हा चंद्र. चार वेगवेगळ्या दिवशी तो या चार ठिकाणी असेल. चारही ठिकाणी त्याची सूर्याकडची, म्हणजे डावी बाजू उजळलेली, उजवी अंधारात.’

हे 32 शब्द झाले, श्वासासकट सुमारे 20 सेकंद. आता हाताचा हिशोब करू. बाणांना 6 सेकंद, पृथ्वीला 5, चार चंद्रांना 12, असे 23 सेकंद झाले, आणि तेवढ्यासाठी बोलणं आहे 13 सेकंदांचं. म्हणजे चित्र पावणेदोनपट वेगाने पळवलं की जुळतं. छान. पण शेवटचं वाक्य 7 सेकंदांचं आहे आणि बारीक स्केचपेनने चार अर्धी काळी करायला 40 सेकंद लागतात. तिथे जवळजवळ सहापट वेग लागेल. चौपटीच्या पुढे गेलं की हात फडफडतो, आणि डोळा चित्र सोडून त्या फडफडीकडे जातो. मी पहिल्यांदा केलेल्या चित्रफितीत हाच तुकडा आठपट पळवला होता. माझ्या भाचीने पाहून विचारलं, ‘मावशी, माशी बसली होती का?’

यावर उपाय चित्रातच असतो, वेगाच्या आकड्यात नसतो. अर्धी काळी करायला जाड मार्कर घ्या, एका चंद्राला 4 सेकंद पुरतात. एकूण 16 सेकंद, वेग सव्वादोनपट. किंवा पहिला चंद्र कॅमेऱ्यासमोर सावकाश काळा करा, उरलेले तीन रंगवतानाचा भाग कापून टाका. मुलांना तत्त्व पहिल्याच चंद्रात कळलेलं असतं. प्रत्येक तुकड्याचा असा हिशोब आधी कागदावर केलात तर नंतर लॅपटॉपवरचे तास वाचतात. कुठे उलट झालं, बोलणं जास्त आणि चित्र कमी, तर चित्र संथ करू नका. संथ केलेला हात विचित्र दिसतो. चित्र पूर्ण वेगाने होऊ द्या आणि उरलेला वेळ ते नुसतं समोर राहू द्या.

आणखी एक गोष्ट, जी आपण शिक्षक हमखास करतो: बोलतो तेच वाक्य लिहितोही. मेयर यांच्याच कामात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, की चित्र आणि आवाज असताना तेच शब्द पडद्यावरही असले तर समज वाढायच्या ऐवजी अडते, कारण डोळा वाचण्यात गुंततो आणि चित्र राहून जातं. तुमच्या चित्रफितीत एकूण चार नावं पुरेत, चार चिठ्ठ्यांवरची. वहीत उतरवायच्या व्याख्या वर्गातल्या फळ्यावर लिहा.

आवाज चित्राच्या आधी घ्या. बहुतेक जण उलट करतात आणि मग चित्राच्या मागे धावत बोलतात. घरातली सगळ्यात लहान, सामानाने भरलेली खोली निवडा. कपाट उघडून कपड्यांसमोर बसलात किंवा मागे गोधडी टांगलीत तर घुमणं थांबतं. पंखा बंद, फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ला वाऱ्याचा फटका बसणार नाही. सुरुवातीला दोन सेकंद गप्प राहा. चुकलात तर थांबू नका, एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पुन्हा म्हणा. टाळीची उंच रेघ नंतर पटकन सापडते. ऑडॅसिटी हा आवाजावर काम करायचा प्रोग्रॅम मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. सुरुवातीचे ते गप्प सेकंद निवडून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबा, मग सगळा आवाज निवडून तोच परिणाम लावा, 6 ते 12 डेसिबलच्या आत. जास्त लावलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी खरखर राहिली तरी चालेल, बुडबुडे नकोत.

मग चित्रण. टेबलाच्या दोन बाजूंना पुस्तकांचे सारखे ढीग, वर लाकडी पट्टी किंवा सपाट फळी, तिच्या काठावर फोन पालथा, फक्त कॅमेरा बाहेर डोकावेल असा. चाळीस सेंटिमीटर उंची साधारण पुरते, मग ढीग कमीजास्त करा. पडद्याचा आकार 16:9 असतो, म्हणून कागदावर 32 बाय 18 सेंटिमीटरची चौकट पेन्सिलीने कोपऱ्यांपुरती आखा आणि फोनमध्ये तेवढंच दिसेल असं बसवा. चकती 17ची का, ते आता लक्षात आलं असेल. चिठ्ठ्यांवरची अक्षरं दीड सेंटिमीटरपेक्षा लहान नकोत. पालकांच्या फोनवर ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरतात.

उजेडाचं गणित थोडं वेगळं आहे. फोन पांढरा कागद पाहतो आणि ‘फार उजेड आहे’ असं समजून तो करडा करून टाकतो. वर हात आत आला की पुन्हा अंदाज बदलतो आणि सगळा कागद क्षणभर उजळतो. चित्रफितीत कागद श्वास घेतोय असं वाटलं की समजा, हेच झालंय. कागदावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग उजेडाची पट्टी थोडी वर ढकला, कागद खरंच पांढरा दिसेपर्यंत. ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळपट पट्टे सरकतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि दिवा त्याच्या दुप्पट लयीत, सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. फोनच्या कॅमेऱ्यात 50 हर्ट्झचं सेटिंग सापडलं तर लावा. नसेल तर सरळ खिडकीजवळ बसा. उजेड डावीकडून येऊ द्या (तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल तर), नाहीतर हाताची सावली नेमकी पेनाच्या टोकावर पडते. सावलीवरच्या चित्रफितीत ते फारच वाईट दिसेल. लॅमिनेट केलेला किंवा चकचकीत बोर्ड टाळा, त्यात फोनच दिसतो. शिवाय बोर्ड पुसल्यावर राहणारे डाग मार्करच्या रंगाचे ढग होऊन बसतात. साधा कागद उत्तम.

चित्र काढताना एकच शिस्त पाळा. एक वस्तू पूर्ण झाली, की हात पूर्ण चौकटीबाहेर आणि मनात ‘एक, दोन’. मग पुढची वस्तू. हे दोन सेकंद तुमचे कापायचे सांधे आहेत. ते नसतील तर नंतर प्रत्येक ठिकाणी अर्धा हात कापला जातो, आणि चित्र नुसतं समोर ठेवायचं असेल तर हात नसलेलं चित्रच हाती लागत नाही.

जोडकामासाठी शॉटकट घ्या. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, कुठलाही शिक्का मारत नाही. तुमच्या 4 जीबीच्या यंत्रावर ते अडखळेल, म्हणून सुरुवातीलाच Settings मधून Proxy चालू करा आणि Preview Scaling 360p वर ठेवा. काम करताना चित्र धूसर दिसेल, अंतिम फाइल स्पष्टच येते. पहिल्यांदा आवाज टाइमलाइनवर टाका, त्याला आता हात लावायचा नाही. त्याच्या वर चित्रण टाका आणि त्या पट्टीचा आवाज बंद करा. फोनचं चित्रण उघडताना शॉटकट कधी कधी सांगतं की फाइलीचा फ्रेम दर बदलता आहे, ती रूपांतरित करू का. अशा फाइलीत आवाज आणि चित्र हळूहळू फारकत घेतात, म्हणून तो विचारतो. आपण फोनचा आवाज वापरतच नाही, तेव्हा ‘नाही’ म्हटलंत तरी चालतं.

आता ते दोन सेकंदांचे सांधे शोधून तिथे S दाबा, तुकडे होतात. मग प्रत्येक तुकडा निवडून Properties मध्ये Speed चा आकडा घाला: 1.8, 2.3, जो हिशोबात निघाला तो. आधी कापा, मग वेग बदला. उलट केलंत तर एकाच तुकड्याला एकच वेग लागतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. जिथे चित्र स्थिर ठेवायचं तिथे हात नसलेल्या क्षणी File मेनूतून Export आणि त्यात Frame निवडा. त्या क्षणाचा फोटो जतन होतो, तो टाइमलाइनवर टाका आणि कड ओढून हवा तेवढा लांब करा. बदल करायला, उडवायला, चकाकी द्यायला शॉटकटमध्ये खूप काही आहे. त्यातलं काहीही लागणार नाही. पार्श्वसंगीतही नको, विषय समजत असताना मागे सतार वाजण्याचं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

Export करताना 720p पुरे. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर चित्रफीत म्हणून न पाठवता Document म्हणून पाठवा. चित्रफीत म्हणून गेली की ती वाटेत आणखी दाबली जाते आणि स्केचपेनच्या बारीक रेषा आधी जातात.

आता एका अडचणीबद्दल. ती तुमच्या चित्रफितीत येणारच, आणि तिला सॉफ्टवेअर जबाबदार नाही. तुमच्या चकतीवर पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या बरोब्बर मागे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला आहे. वर्गातलं एखादं चौकस पोर विचारेल: ‘बाई, मग दर पौर्णिमेला चंद्रावर पृथ्वीची सावली का पडत नाही?’ प्रश्न अचूक आहे आणि दोष चित्राचा आहे. पृथ्वी 3 सेंटिमीटरची काढली, तर खरा चंद्र जेमतेम 8 मिलिमीटरचा आणि तब्बल 90 सेंटिमीटर लांब हवा. शिवाय त्याची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. एवढ्या अंतरावर 5 अंश म्हणजे कागदाच्या 8 सेंटिमीटर वर किंवा खाली, आणि तिथे पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी असते फक्त सव्वादोन सेंटिमीटर. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. कक्षा जिथे कागदाची पातळी ओलांडते त्याच्या आसपास पौर्णिमा आली, तरच ग्रहण.

हे सगळं याच चित्रफितीत घालायचा मोह होईल. घालू नका. ‘हे चित्र प्रमाणात नाही, चंद्र खूप लांब आणि जरा वर-खाली असतो’ एवढं एक वाक्य चकती काढून होताच बोला. ग्रहणाची दुसरी चित्रफीत करा, टेबलावर मीटरपट्टी ठेवून. एकीत दोन प्रश्न कोंबले की दोन्ही अर्धवट राहतात.

आणि खरं सांगू का? चंद्रकला हा विषय चित्रफितीपेक्षा अंधाऱ्या खोलीत जास्त चांगला कळतो. एका कोपऱ्यात उघडा बल्ब, मुलाच्या हातात पेन्सिलीवर खोचलेला प्लॅस्टिकचा चेंडू, हात लांब करून डोक्याच्या जरा वर धरलेला. मूल जागच्या जागी डावीकडे वळत गेलं की चेंडूवर चारही कला दिसतात. म्हणून चित्रफितीच्या मध्यावर, चकती काढून झाल्यावर आणि फिरवण्यापूर्वी, थांबायची जागा ठेवा: ‘आता चित्रफीत थांबवा आणि चेंडू घ्या.’ बाकीच्या वाचकांसाठीही हे लागू आहे. जिथे आकृती काढण्याचा क्रम हाच समजण्याचा क्रम असतो, उदाहरणार्थ विद्युत परिपथ, रक्ताभिसरण, जलचक्र, तिथे ही पद्धत उत्तम बसते. लंबक, लाटा, उकळतं पाणी अशा हालचालीच्या गोष्टी खऱ्याच दाखवा. त्यांना चित्राने धरणं म्हणजे फुकटचे कष्ट.

पहिली फाइल तयार झाली की ती मुलांपुढे ठेवण्यापूर्वी दोनदा तपासा. एकदा आवाज बंद करून. गोष्ट कुठे तुटते ते कळेल. तिथे हात काहीतरी विसरलाय. एकदा डोळे मिटून. डोळे मिटून सगळंच कळलं तर चित्र नुसती सजावट झाली आहे, आणि तो भाग पुन्हा काढावा लागेल. मग आठवीतल्या एका मुलीला आणि एका मुलाला, हुशार नव्हे तर मधल्या बाकावरच्या, दाखवा आणि ‘समजलं का’ असं विचारू नका. ‘हो’ असंच येईल. चकती हातात द्या आणि म्हणा, ‘आज शुक्ल अष्टमी आहे. चंद्र कुठे ते दाखव. आता पृथ्वीची सावली कुठल्या बाजूला पडली आहे, त्यावर बोट ठेव.’ बोट बाणांच्या विरुद्ध बाजूला, उजवीकडे गेलं आणि खालच्या चंद्राजवळही फिरकलं नाही, की फाइल पालकांच्या गटावर टाका.